व्हेरिएबल शिकवायचे तर डबा नको, वे-बिल द्या

सहावीच्या वर्गात मी फळ्यावर प्रोग्रॅमच्या दोन ओळी लिहिल्या. पहिल्या ओळीत एका व्हेरिएबलमध्ये १२ ठेवले, दुसऱ्या ओळीत त्याच व्हेरिएबलमध्ये ९ ठेवले. मग विचारले, आता त्यात किती आहेत? निम्मा वर्ग म्हणाला, एकवीस. उरलेल्यांतले बरेच जण म्हणाले, बारा पण आहेत आणि नऊ पण. नऊ हे उत्तर दोघांनीच दिले, आणि मग बारा कुठे गेले, हे त्या दोघांनाही सांगता येईना.

मुलांच्या वहीत आदल्या आठवड्याचे वाक्य होते: ‘व्हेरिएबल म्हणजे डबा. त्यात आपण किंमत ठेवतो.’ त्या वाक्याला धरून पाहिले तर मुलांचे काहीच चुकले नव्हते. घरच्या डब्यात बारा लाडू असले आणि आईने आणखी नऊ टाकले, तर एकवीस होतात. आधीचे बारा हवेत विरून जात नाहीत. डबा म्हटले की मुलाच्या डोळ्यांसमोर घरचा डबा येणार आणि घरच्या डब्याचे नियम येणार. संगणकाचे नियम वेगळे आहेत. तिथे नवी किंमत आली की जुनी पुसली जाते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम सुरू करायचे म्हटले आहे. म्हणजे अकरा-बारा वर्षांची मुले हे वाक्य ऐकणार, वहीत उतरवणार आणि परीक्षेत लिहिणार. माझे म्हणणे असे आहे की ते वाक्य काढून टाकावे आणि त्या जागी बस कंडक्टरची एक गोष्ट घालावी. कंडक्टरच का, हे सांगते. गोष्ट गोड असते आणि मुलांना आवडते, हे कारण मला पुरेसे वाटत नाही. कंडक्टरच्या हिशेबाची रचनाच व्हेरिएबलच्या रचनेशी जुळते, आणि डब्याची जुळत नाही, हे माझे खरे कारण आहे.

माझे वडील पुण्याच्या पीएमटी बससेवेत कंडक्टर होते. २००७ साली पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली, त्याच्या आधीचा हा काळ. तेव्हा तिकीट मशिनमधून येत नसे. प्रत्येक दराच्या तिकिटांचा एक गठ्ठा असे आणि गठ्ठ्यातल्या प्रत्येक तिकिटावर ओळीने क्रमांक छापलेला असे. फेरी सुरू होण्याआधी कंडक्टर सगळ्यात वरच्या तिकिटाचा क्रमांक वे-बिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, लिहून घेई. मग फेरीभर तिकिटे फाटत राहत आणि वरचा क्रमांक पुढे सरकत राही. शेवटी पुन्हा वरचा क्रमांक पाहायचा, त्यातून सुरुवातीचा वजा करायचा आणि तिकिटाच्या दराने गुणायचे. तेवढी रक्कम पिशवीत असली पाहिजे.

लहानपणी मला याचे फार नवल वाटे. दिवसभरात शेकडो माणसे चढली-उतरली, त्यांतल्या कोणालाही वडिलांनी लक्षात ठेवले नाही, तरी किती तिकिटे गेली ते त्यांना बरोबर माहीत असे. पुढे प्रोग्रॅमिंग शिकताना मला व्हेरिएबल कधी अवघड गेले नाही, त्याचे श्रेय मी त्या गठ्ठ्याला देते. चढलेल्या माणसांची आठवण ठेवण्याऐवजी एकच क्रमांक जागच्या जागी बदलत ठेवायचा, ही युक्ती मी घरी पाहिली होती.

आता गोष्ट. वर्गात मी ती अशी सांगते.

मुक्ता आजीबरोबर कात्रजहून स्वारगेटला निघाली आहे. पहाटेची पहिली गाडी. कंडक्टर काकांकडे दहा रुपयांच्या तिकिटांचा एकच गठ्ठा आहे. गोष्ट सोपी राहावी म्हणून सगळ्यांना दहाचेच तिकीट. गठ्ठ्यावर वरचा क्रमांक ४०१. काका तो वे-बिलावर उतरवतात. मग मुक्ताच्या हातात एक पाटी देऊन म्हणतात, “गाडीत किती माणसं आहेत ते तू सांभाळ. पाटीवर एका वेळी एकच आकडा असला पाहिजे हं, बाळा.” मुक्ता शून्य लिहिते.

कात्रजला बारा जण चढतात. मुक्ता शून्य पुसून १२ लिहिते. काकांच्या गठ्ठ्यावर आता ४१३ दिसतो आहे, कारण ४०१ ते ४१२ ही बारा तिकिटे गेली. डबल बेल होते आणि गाडी निघते. भारती विद्यापीठला तिघे उतरतात, नऊ जण चढतात. मुक्ता पाटीवरचा १२ बघते, मनात तीन वजा करते, नऊ मिळवते, मग १२ पुसते आणि १८ लिहिते. गठ्ठ्यावर ४२२. उतरणाऱ्यांशी गठ्ठ्याला काही देणेघेणे नाही, तो फक्त चढणाऱ्या नऊ जणांसाठी पुढे सरकला.

इथे मी गोष्ट थांबवते आणि मुलांना एकच प्रश्न विचारते: मुक्ताने १२ आधी पुसला असता तर? वर्ग लगेच ओरडतो, “मग अठरा कुठून आणणार?” याच क्षणासाठी मी ही गोष्ट सांगते. नवी किंमत जुन्या किमतीतून तयार होते, म्हणून आधी जुनी वाचायची, मग हिशेब, मग पुसणे आणि लिहिणे. संगणकही याच क्रमाने जातो. आधी बरोबरच्या चिन्हाची उजवी बाजू पूर्ण सोडवतो आणि मगच डाव्या बाजूच्या नावाला नवी किंमत देतो. पाटीवरच्या आकड्याला ‘प्रवासी’ आणि गठ्ठ्यावरच्या वरच्या क्रमांकाला ‘पुढचे’ असे नाव दिले, तर पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत भारती विद्यापीठचा थांबा असा दिसेल:

```python
प्रवासी = प्रवासी - 3
प्रवासी = प्रवासी + 9
पुढचे = पुढचे + 9
```

पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून व्हेरिएबलची नावे देवनागरीत देता येतात, त्यामुळे हे असेच टाइप केले तरी चालते. कोडमधले आकडे मात्र इंग्रजी लिपीत लिहावे लागतात. मराठी शाळेतल्या मुलाने ‘प्रवासी’ हे नाव स्वतःच्या लिपीत लिहिले की त्याला पहिल्याच दिवशी `x` आणि `count` यांचे ओझे उचलावे लागत नाही.

पुढे बालाजीनगर. चौघे उतरतात, सहा जण चढतात. गठ्ठ्यावर ४२८. मुक्ता खिडकीतून बाहेर बघत होती. घाईघाईने ती पाटी पुसते आणि ६ लिहिते. गाडी पुढे जाते तेवढ्यात तपासनीस साहेब उभे राहून डोकी मोजतात: वीस. पाटीवर सहा. आजी म्हणते, “अगं, बाकीचे चौदा जण कुठं गेले?”

गोष्टीत ही चूक असलीच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. कारण मुले संगणकावर नेमके हेच करतात:

```python
प्रवासी = 6
```

उतरलेले चौघे वजा केल्यावर लिहायचे होते `प्रवासी = प्रवासी + 6`. दोन्ही ओळी संगणकाला मान्य आहेत, पडद्यावर लाल अक्षरात काहीही येत नाही, प्रोग्रॅम शेवटपर्यंत धावतो आणि उत्तर चुकीचे येते. अशी चूक सापडते ती डोकी मोजल्यावरच, म्हणजे खरी परिस्थिती आणि पाटीवरचा आकडा शेजारी ठेवून पाहिल्यावर. ज्या मुलाने तपासनीसाची गोष्ट ऐकली आहे, त्याला “आता डोकी मोज” एवढेच सांगितले तरी पुरते.

स्क्रॅच या मुलांसाठीच्या, ठोकळे जोडून प्रोग्रॅम लिहायच्या भाषेत हे दोन वेगळे ठोकळेच आहेत, `set` आणि `change`. कात्रजला गाडी सुटण्याआधी मुक्ता शून्य लिहिते तो `set`. मधल्या प्रत्येक थांब्यावर `change`. मुक्ताची चूक म्हणजे `change` च्या जागी `set` वापरणे. मुलांना हे इतक्या शब्दांत सांगण्याची गरज पडत नाही, ठोकळे पाहिल्यावर ती आपणहून म्हणतात, “हा कात्रजचा, हा मधला.”

मुक्ता पाटी दुरुस्त करून २० लिहिते. पद्मावतीला सात उतरतात, पाच चढतात: पाटीवर १८, गठ्ठ्यावर ४३३. स्वारगेटला सगळे उतरतात, पाटीवर शून्य. मग मुक्ता विचारते, “काका, गाडीत तर कोणीच नाही. मग तुमच्या पिशवीत पैसे कसे?” दोन आकडे एकाच गाडीत, त्याच थांब्यांवर बदलत आले, पण त्यांचे नियम वेगळे होते. पाटीवरचा वरखाली होतो, गठ्ठ्यावरचा मागे फिरत नाही. काका वे-बिल काढतात: ४३३ वजा ४०१, बत्तीस तिकिटे, तीनशे वीस रुपये. पिशवीतले पैसे मोजतात, तीनशे वीसच.

या ठिकाणी वर्गातला कोणीतरी हमखास म्हणतो की शेवटचे फाटलेले तिकीट ४३२ आहे, मग ४३२ मधून ४०१ वजा करू. उत्तर एकतीस येते आणि पिशवीत दहा रुपये जास्त निघतात. दहा रुपये, म्हणजे नेमके एक तिकीट. फरक बरोबर एका तिकिटाचा आला की समजायचे, मोजणी कुठून धरली यात गोंधळ आहे. वे-बिलावर लिहिलेला ४०१ हा ‘पुढे द्यायचे तिकीट’ होता; तेव्हा शेवटीही ‘पुढे द्यायचे तिकीट’च वाचले पाहिजे, आणि ते ४३३ आहे. म्हणूनच मी त्या व्हेरिएबलचे नाव ‘तिकीट’ असे मोघम न ठेवता ‘पुढचे’ ठेवते. नाव नेमके असले तर ही चूक निम्म्याने तरी कमी होते, असा माझा अनुभव आहे.

डब्याच्या उपमेवर माझा आणखी एक आक्षेप आहे आणि तो मला सगळ्यात गंभीर वाटतो. कात्रजला काकांनी गठ्ठ्यावरचा ४०१ वे-बिलावर लिहिला, तो कोडमध्ये असा:

```python
पुढचे = 401
सुरुवात = पुढचे
```

डबा शिकलेल्या मुलाला विचारा, दुसऱ्या ओळीनंतर ‘पुढचे’ मध्ये काय उरले? बरेच जण सांगतात, काही नाही. एका डब्यातले दुसऱ्यात ओतले की पहिला रिकामाच होतो. दुसरी काही मुले याच्या उलट चुकतात. त्यांना वाटते की आता दोन्ही नावे कायमची जोडली गेली, म्हणून ‘पुढचे’ वाढले की ‘सुरुवात’ही वाढेल. वे-बिलाच्या गोष्टीत दोन्ही शंका जागच्या जागी मिटतात. काकांनी क्रमांक कागदावर उतरवला म्हणून गठ्ठ्यावरचा क्रमांक नाहीसा झाला का? नाही. आणि गठ्ठा ४३३ वर गेला म्हणून कागदावरचा ४०१ आपोआप बदलला का? तोही नाही. बदलला असता तर वजाबाकी शून्य आली असती आणि काकांचा सगळा हिशेबच बुडाला असता. जुनी किंमत नंतर लागणार असेल तर ती पुसण्याआधी दुसऱ्या नावाने उतरवून ठेवायची, हे वे-बिलाचे सगळे काम आहे. डब्याच्या उपमेतून हे कधीच निघत नाही.

गणिताचे एक शिक्षक मला म्हणाले, “मॅडम, एवढा खटाटोप कशाला? समीकरणे मुलांना येतात. त्यातला चल म्हणजेच व्हेरिएबल.” मला हे पटत नाही. समीकरण शिकलेल्या हुशार मुलासमोर `x = x + 1` ठेवा. तो दोन्ही बाजूंतून x काढतो आणि म्हणतो, शून्य बरोबर एक, हे खोटे आहे. त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली बरोबरचे चिन्ह छापले ते दोन बाजू समान आहेत हे सांगण्यासाठी. चारशे वर्षांनी, १९५७ मध्ये आलेल्या फोरट्रान भाषेने तेच चिन्ह ‘उजवीकडचे डावीकडे लिही’ या हुकमासाठी वापरले. अल्गोल आणि पुढे पास्कल या भाषांनी गोंधळ नको म्हणून `:=` असे वेगळे चिन्ह घेतले, पण आज मुलांसमोर येणारी पायथॉन फोरट्रानच्या वाटेने जाते. समीकरणातला चल एका उदाहरणापुरता स्थिर असतो, फक्त आपल्याला माहीत नसतो. मुक्ताच्या पाटीवरचा आकडा माहीत असतो, पण स्थिर नसतो. दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे त्या एकच गोष्टी ठरत नाहीत. मी वर्गात `=` चे वाचन ‘बरोबर’ असे करूच देत नाही. ‘प्रवासी आता प्रवासी अधिक नऊ’ असे वाचायला लावते. ‘आता’ या एका शब्दाने काळ आत येतो, आणि समीकरणात काळ नसतो.

दुसरा आक्षेप मुलांकडूनच येतो. आजचे कंडक्टर मशिनवर तिकीट काढतात, कितीतरी प्रवासी मोबाइलवरच काढून चढतात. गठ्ठा कोणी पाहिला आहे? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणून मी गठ्ठा वर्गात बनवते. जुन्या वहीच्या कागदाचे चाळीस तुकडे, त्यांवर ४०१ ते ४४० हाताने लिहिलेले आकडे आणि एक टाचणी. जमिनीवर खडूने पाच थांबे. एक मूल कंडक्टर, एक पाटी सांभाळणारे, एक तपासनीस, बाकीचे प्रवासी. तिकीट फाडल्यावर वरचा आकडा बदललेला डोळ्यांना दिसतो, हे महत्त्वाचे आहे. मशिनमध्ये तो बदल आतल्या आत होतो, म्हणून मशिनची गोष्ट सांगितली तर आपण पुन्हा एका बंद डब्यापाशीच येतो. जुनी वस्तू घेण्याचे कारण जुन्याचे प्रेम नाही. तिच्यात काय चालले आहे ते उघडे दिसते.

थांब्यागणिक पाटीवर आणि गठ्ठ्यावर काय होते ते एकाखाली एक लिहिले की जो कागद तयार होतो, त्याला प्रोग्रॅमर ट्रेस टेबल म्हणतात. माझी मुले त्याला वे-बिलच म्हणतात, आणि चुकलेला प्रोग्रॅम घेऊन ती आली की मी पहिल्यांदा विचारते, वे-बिल भरले का? परवा एकाने हा प्रोग्रॅम आणला:

```python
for चढले in [12, 9, 6, 5]:
    पुढचे = 401
    पुढचे = पुढचे + चढले
```

शेवटी ‘पुढचे’ ४०६ निघाले, म्हणजे पाचच तिकिटे आणि पन्नास रुपये. वे-बिल भरल्यावर आकडे दिसले ४१३, ४१०, ४०७, ४०६. तिकिटाचा क्रमांक मागे सरकतो आहे, हे पाहून शेजारची मुलगीच म्हणाली, “हा प्रत्येक थांब्यावर नवा गठ्ठा उघडतोय.” सुरुवातीची ओळ `for` च्या फेरीच्या बाहेर हवी होती, ती आत गेली होती. ही चूक ओळखण्याची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: एकूण बेरजेऐवजी फक्त शेवटच्या थांब्याचा आकडा, इथे पाच, हाती लागतो.

गोष्टीला मर्यादा आहे, आणि शिक्षकांना ती आधी माहीत असलेली बरी. आकड्यांपुरती ती चोख चालते. पुढे मुले पायथॉनमधल्या याद्यांकडे वळतात तेव्हा दोन नावे एकाच यादीकडे बोट दाखवू शकतात. एका नावाने यादीत भर घातली की दुसऱ्या नावानेही ती भर दिसते. तिथे ‘कागदावर उतरवून घेतले’ हे चित्र मुलांची दिशाभूल करेल. तेव्हा नवी गोष्ट लागेल, एकच वे-बिल दोघे कंडक्टर वापरतात अशी काहीशी. पण ते आठवी-नववीचे काम आहे. सहावीतल्या पहिल्या दोन तासांवर त्याचे ओझे टाकू नये.

पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांकडे माझी मागणी छोटी आहे. व्हेरिएबलच्या धड्याची पहिली दोन पाने व्याख्येशिवाय असावीत. गोष्ट, तिच्यातली मुक्ताची चूक आणि मुलांनी पेन्सिलने भरायचे कोरे वे-बिल. ‘व्हेरिएबल’ हा शब्द तिसऱ्या पानावर यावा, आणि त्याच्या शेजारी आपला ‘चल’ हाही असावा. परीक्षेत ‘व्हेरिएबल म्हणजे काय’ असे विचारू नये. चार थांब्यांचे आकडे द्यावेत आणि वे-बिल भरायला सांगावे. ज्याला समजले आहे तो भरेल, आणि ज्याने फक्त पाठ केले आहे त्याचे कुठे अडले ते त्याच कागदावर दिसेल.

गेल्या शनिवारी स्वारगेटपाशी गोष्ट संपवून मी खडूचे थांबे पुसायला लागले, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. “बाई, गाडी परत कात्रजला जाणार ना? मग काका आता वे-बिलावर काय लिहिणार, चारशे एक की चारशे तेहतीस?” मी उत्तर दिले नाही, खडू तिच्या हातात दिला. ती फळ्यापाशी गेली, थोडा वेळ गठ्ठ्याकडे बघत उभी राहिली आणि मग तिने लिहिले:

```python
सुरुवात = पुढचे
प्रवासी = 0
```

‘पुढचे’ ला तिने हात लावला नव्हता.